गॅसचं गोडाऊन असं का बांधतात?



भोर, सातारा, वाईकडून एसटीने पुण्यात आलं की आपण स्वारगेटला उतरतो. तिथे दोन प्रकारचा गॅस आपल्या आजूबाजूला असतो. एक पीएमपीच्या बसमध्ये भरलेला सीएनजी. दुसरा चहाच्या टपरीमागे, वडापावच्या गाडीखाली उभा असलेला सिलिंडर, म्हणजे एलपीजी. आपल्या स्वयंपाकघरातही हाच असतो. दोन्हींना आपण ‘गॅस’च म्हणतो, पण दोघांचा स्वभाव उलटा आहे. सीएनजी हवेपेक्षा हलका. सुटला की वर जातो आणि उघड्यावर पांगतो. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो सुटला की खाली बसतो, उताराने वाहतो, गटारात, खड्ड्यात, तळघरात जाऊन साठतो.

आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीवर आहे. गॅस एजन्सीचं गोडाऊन वस्तीपासून लांब का, त्याच्या भिंतीला जमिनीलगत जाळ्या का, सिलिंडर उभेच का ठेवायचे, आणि आग लागल्यावर अग्निशमन दलाचे जवान कधी कधी ज्वाळा विझवायच्या सोडून पाणीच का मारत बसतात, हे सगळं त्या स्वभावातून कळतं. बचत गटातर्फे खानावळ, पापड-फराळाचं काम, शाळेचा पोषण आहार चालवणाऱ्या बायकांकडे आता एक नाही, चार-पाच सिलिंडर असतात. तेव्हा हे आपल्यालाही समजायला हवं.

आधी सिलिंडरच्या आत काय असतं ते पाहू. सिलिंडर हलवला की आत डचमळतं. कारण आत वायू नसून द्रव असतो. दाब देऊन गॅसचं पाणी केलेलं असतं म्हणा ना. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, म्हणजे साधारण २६ लिटर द्रव. सिलिंडरची जागा मात्र ३३ लिटरच्या आसपास असते. वरची मोकळी जागा मुद्दाम सोडतात. उन्हाने द्रव फुगतो, त्याला फुगायला जागा हवी. त्या मोकळ्या जागेत द्रवाची वाफ असते, आणि सिलिंडर उभा असला की शेगडीला ही वाफच जाते.

हा द्रव बाहेर आला तर त्याचा सुमारे अडीचशे पट वायू होतो. एक तांब्याभर द्रवाचे अडीचशे तांबे वायू. सिलिंडर आडवा पडला आणि तोंडातून गळायला लागला, तर वाफेऐवजी द्रव बाहेर पडतो आणि गळती कितीतरी पटीने वाढते. म्हणून गोडाऊनमध्ये, गाडीत आणि घरातही सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा लोळवत नेणं ही नुसती गैरशिस्त नाही, त्यात खरा धोका आहे.

आता प्रश्न असा की, किती गॅस सुटला म्हणजे धोका? गॅस आणि हवा यांचं ठरावीक प्रमाण जमलं तरच स्फोट होतो. शंभर भाग हवेत साधारण दोन भागांपासून नऊ भागांपर्यंत गॅस मिसळला, की ते मिश्रण ठिणगीची वाट बघत असतं. दोनपेक्षा कमी असेल तर पेट घेत नाही. नऊच्या वर गेला तरही पेट घेत नाही, पण दार उघडून हवा आत आली की प्रमाण पुन्हा धोक्याच्या पट्ट्यात येतं.

हिशोब करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली घ्या. ती सगळी धोक्याच्या पातळीला यायला साधारण सव्वा किलो गॅस पुरतो. शेगडीचा मोठा बर्नर तासाला दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस घेतो. म्हणजे बंद खोलीत विझलेला बर्नर रात्री चालू राहिला, तर सहा ते आठ तासांत, पहाटे आपण उठून दिव्याचं बटण दाबतो त्या सुमारास, ती खोली तयार झालेली असते. खरं तर त्याच्याही आधी, कारण गॅस सगळ्या खोलीत सारखा पसरत नाही. तो आधी फरशीलगत जमतो. आपल्या नाकापाशी वास कमी असतो आणि पायाशी धोका पुरा झालेला असतो. एका भरलेल्या सिलिंडरमध्ये अशा अकरा खोल्या भरतील एवढा गॅस असतो. मग शे-दोनशे सिलिंडर एका ठिकाणी असतील तर काय, याचा अंदाज येईल.

हे ध्यानात ठेवून आता गोडाऊनकडे बघा. नियमाप्रमाणे बांधलेल्या गोडाऊनच्या भिंतींना अगदी जमिनीलगत हवा जायला झरोके असतात आणि छतालगतही असतात. खालून जड गॅस बाहेर निघून जावा, साठू नये म्हणून ही सोय. झरोक्यांना बारीक तारेची जाळी असते, म्हणजे बाहेरची ठिणगी आत यायची नाही. फरशी अशी करतात की सिलिंडर आपटला, घासला तरी ठिणगी उडू नये. आत साधं बटण, साधा दिवा नसतो, कारण बटण दाबताना आत बारीक ठिणगी उडतेच. भोवती कुंपण असतं आणि गोडाऊन ते कुंपण यामध्ये मोकळी जागा. साठा जेवढा जास्त, तेवढं हे अंतर जास्त ठेवावं लागतं. त्या मोकळ्या जागेत वाळलेलं गवत, पालापाचोळा, लाकडं ठेवायची नसतात. गळालेला गॅस पांगायला ती जागा असते, आणि बाहेरची आग आत पोचू नये म्हणूनही असते.

अशा गोडाऊनला परवाना देणारं खातं म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे एका जागी एका वेळी १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला हा परवाना लागत नाही. त्याच्या वर गेलं की लागतो. गटाच्या खानावळीचं उदाहरण घ्या. धंद्यासाठी मिळणारा सिलिंडर १९ किलोचा. असे पाच म्हणजे ९५ किलो. सहावा आणला की ११४ किलो, आणि तुमची खानावळ कायद्याच्या नजरेत विनापरवाना साठा झाली. लग्नसराईत ‘पुढे मिळायचा नाही’ म्हणून आणून ठेवलेला सहावा सिलिंडर असा महागात पडतो. आणि परवाना लागत नाही याचा अर्थ पाच सिलिंडर बंद खोलीत कोंबायला हरकत नाही, असा मुळीच नाही. १०० किलोच्या आतही गॅस खालीच बसतो.

गळती ओळखायची कशी? एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो कुजकट वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा. स्फोटाची पातळी गाठायच्या बऱ्याच आधी, तिच्या साधारण पाचव्या हिश्श्याला, माणसाला वास यावा अशा बेताने ते घालतात. पण नाकावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. सर्दी असेल तर वास येत नाही, आणि त्याच जागी बराच वेळ बसलं की नाक सरावतं. बाहेरून आलेली शेजारीण म्हणते, ‘काय गं, गॅसचा वास येतोय,’ आणि आतल्या बाईला पत्ताच नसतो. बाहेरून आलेल्या माणसाचं ऐकावं ते यासाठी.

दुसरी खूण आवाजाची, बारीक सूंऽऽ असा. तिसरी खूण म्हणजे तोंडाजवळ किंवा नळीपाशी जमलेलं दव किंवा पांढरा बर्फ. द्रवाचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता खेचून घेतो, म्हणून ती जागा गार पडते. खात्री करायची ती साबणाच्या पाण्याने. ब्रशने फेस लावा. बुडबुडा फुगला की गळती तिथेच आहे. काडी पेटवून बघणारे लोक अजूनही गावोगाव भेटतात. त्यांना हात जोडून थांबवा.

मोठ्या साठ्याच्या ठिकाणी हेच काम यंत्रं करतात. पुण्याच्या जवळ चाकणला आणि शिक्रापूरला सिलिंडर भरण्याचे कारखाने आहेत. तिथे टँकरने आलेला गॅस मोठ्या टाक्यांत ठेवतात. लांबट टाकीला ‘बुलेट’ म्हणतात, चेंडूसारख्या गोल टाकीला ‘स्फिअर’. अशा ठिकाणी गॅस ओळखणारी यंत्रं बसवतात तीही जमिनीजवळ, कारण गॅस तिथेच येणार. स्फोटाच्या पातळीच्या पाचव्या भागाएवढा गॅस दिसला की भोंगा वाजतो. मग दूर बसूनच टाकीची झडप बंद करता येते. गळतीच्या ढगात माणसाला चालत जावं लागू नये, हा त्यामागचा विचार.

ही सोय नसली की काय होतं, ते मेक्सिको देशात १९ नोव्हेंबर १९८४ च्या पहाटे दिसलं. राजधानीलगत सान हुआनिको नावाच्या गरीब वस्तीशेजारी गॅसचा मोठा साठा होता. सहा गोल टाक्या आणि ४८ लांबट टाक्या. एक पाइप फुटला. गळती ओळखणारी यंत्रणा नव्हती. पाच-दहा मिनिटं गॅस जमिनीलगत पसरत राहिला, नंतर पेटला. पुढच्या काही मिनिटांत पहिली टाकी फुटली, आणि मग तास-दीड तास एकामागून एक टाक्या फुटत राहिल्या. सुमारे पाचशे माणसं गेली, बरीचशी घरात झोपलेली. आपल्या देशातही १४ सप्टेंबर १९९७ ला विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पेट्रोलियमच्या कारखान्यात गळालेल्या एलपीजीचा ढग पेटला आणि सुमारे साठ माणसं दगावली.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. टाकी ‘फुटते’ म्हणजे नेमकं काय होतं? चुलीवर पातेल्यात निम्मं पाणी ठेवून बघा. पाणी आहे तिथवर पातेलं करपत नाही, कारण पाणी उष्णता घेऊन उकळत राहतं. पाण्याच्या वरची कोरडी कड मात्र लाल होईपर्यंत तापू शकते. सिलिंडरचं आणि मोठ्या टाकीचं अगदी हेच होतं. खालच्या भागात द्रव आहे, तो पोलादाला गार ठेवतो. वरच्या कोरड्या भागाला ज्वाळा लागली की पोलाद तापत जातं. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते. त्याच वेळी आतला द्रव उकळून दाब वाढत असतो. एक बाजू मऊ पडतेय, दुसरीकडून रेटा वाढतोय. शेवटी पत्रा फाटतो, सगळा द्रव एका क्षणात वायू होतो आणि आगीचा गोळा उठतो. पत्र्याचे तुकडे लांब उडतात. एवढ्यासाठी सिलिंडर गळतच असला पाहिजे असं नाही. चांगला, न गळणारा सिलिंडरही बाहेरच्या आगीत सापडला तर फुटतो.

स्वारगेटहून सातारा रस्त्याने पुढे गेलं की कात्रज लागतं. मार्च २०२२ मध्ये तिथे वस्तीत बेकायदा साठवलेल्या सिलिंडरांना आग लागली आणि एकामागून एक सिलिंडर फुटत गेले.  ‘एकामागून एक’ हेच इथे महत्त्वाचं. सगळे एकदम फुटले नाहीत. पहिल्याच्या आगीने शेजारच्याचा वरचा भाग तापतो, काही मिनिटांनी तो जातो, मग पुढचा. परवान्याच्या गोडाऊनमध्ये सिलिंडरांच्या थप्प्यांमध्ये जायला वाट सोडलेली असते, भरलेले आणि रिकामे वेगळे ठेवतात, बाहेर मोकळी जागा असते. घराच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये लपवलेल्या साठ्याला यातलं काहीच नसतं. अग्निशमन दल आलं तरी जवानाला उभं राहायला जागा नसते.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ताथवडे इथे टँकरमधला गॅस चोरून सिलिंडरमध्ये भरताना आग लागली, सिलिंडर फुटले आणि शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. रात्रीची वेळ होती. हेच दिवसा मुलं बसमध्ये चढताना घडलं असतं तर?

आता अग्निशमनाचं बघू. पुण्याच्या अग्निशमन दलाचं मुख्य केंद्र स्वारगेटहून जवळच भवानी पेठेत आहे. सिलिंडरच्या आगीत जवान एक नियम पाळतात, तो आपल्याला उलटा वाटेल. गळती बंद करता येत नसेल, तर ज्वाळा विझवायची नाही. जळणारा गॅस निदान दिसतो आणि जागेवर संपतो. ज्वाळा विझवली आणि गळती चालू राहिली, तर न दिसणारा गॅस जमिनीवरून पसरतो आणि दुसरीकडच्या ठिणगीने सगळा एकदम पेटतो. म्हणून ते ज्वाळेला जळू देतात आणि पाणी मारतात ते शेजारच्या सिलिंडरांच्या वरच्या भागावर. मघाच्या पातेल्याची कोरडी कड ओली ठेवायची, एवढंच ते काम आहे. झडपेपर्यंत पोचता आलं, गॅस बंद करता आला, की आग आपोआप विझते.

मोठ्या टाक्यांवर हे काम कायमच्या बसवलेल्या पाण्याच्या फवाऱ्यांनी होतं. टाकीच्या दर चौरस मीटरला मिनिटाला दहा लिटर पाणी, असा हिशोब धरतात. समजा टाकीचा पृष्ठभाग अडीचशे चौरस मीटर आहे. मग मिनिटाला अडीच हजार लिटर पाणी लागेल. आपल्या गावात उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर चार मिनिटांत रिकामा. अशा कारखान्यात चार तास पुरेल एवढं पाणी साठवून ठेवतात, म्हणजे या एका टाकीसाठी सहा लाख लिटर. शेजारच्या टाक्यांचं वेगळं. नवीन ठिकाणी बुलेट मातीच्या ढिगाऱ्याखाली झाकून ठेवण्याची पद्धत आली आहे. मातीमुळे ज्वाळा पोलादाला लागतच नाही, मग टाकी तापून फुटण्याची भीतीच उरत नाही.

गावातल्या दुकानात, घरात ना एवढं पाणी, ना फवारे. तिथे आग मोठी झाल्यावर करण्यासारखं एकच उरतं, माणसं लांब काढणं. आपलं खरं काम त्याच्या आधीचं आहे. गटाच्या स्वयंपाकघरासाठी चार गोष्टी ठरवून टाका. सिलिंडर खोलीबाहेर, सावलीत, उभे, जाळीच्या कपाटात ठेवा. जमिनीलगत वारा फिरला पाहिजे. गटाराचं तोंड, विहीर, तळघराची पायरी जवळ नको. रिकामा सिलिंडर म्हणजे निर्धोक नव्हे, त्यात वाफ शिल्लक असते. त्याची झडप बंद करून वर टोपण लावा. ते दोरीने बांधलेलं प्लास्टिकचं टोपण पोरांना खेळायला देऊ नका, गळती थांबवण्याचं ते पहिलं साधन आहे.

वास आलाच तर आधी आग आणि उदबत्ती-दिवा विझवा. विजेचं बटण चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, दोन्हीत ठिणगी उडते. पंखा चालू असेल तर राहू द्या. दारं-खिडक्या उघडा. रेग्युलेटर काढून टोपण दाबून बसवा. तरी गळत असेल तर सिलिंडर उभाच उचलून मोकळ्या माळावर नेऊन ठेवा. वाऱ्याच्या दिशेला आणि उताराखाली चूल पेटलेली नाही ना, ते आधी बघा. मग लांब जाऊन फोन करा. गॅस गळतीसाठी १९०६, आग लागली असेल तर १०१ किंवा ११२. सिलिंडरला ज्वाळा लागून तो तापलेला असेल, आणि आगीचा आवाज वाढत चालला असेल, तर त्याच्याजवळ जाऊच नका. सगळ्यांना घेऊन भिंतीआड, लांब व्हा.

शेवटची गोष्ट गावातल्या दुकानांची. किराणा दुकानात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देतात, ते अनेकींनी पाहिलं असेल. ते भरताना सिलिंडर उलटा करतात, म्हणजे द्रव उतरावा. नळी सुटली की मघाचा अडीचशे पटीचा हिशोब तिथेच सुरू होतो. छोट्या सिलिंडरमध्ये फुगायला किती जागा उरली, तेही कोणी मोजत नाही. पाच किलोचा भरलेला सिलिंडर एजन्सीकडूनच मिळतो, तो घ्या. आणि वस्तीत कोणी सिलिंडरांचा साठा केला असेल, तर गटाच्या बैठकीत ठराव करून तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात लेखी अर्ज द्या. एका बाईने तक्रार केली तर भांडण होतं, गटाने केली तर नोंद होते. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका.